गल्लीच्या गणपतीचं आठ आठवड्यांचं वेळापत्रक : जरा तपासून द्याल का?

नवा_सचिव
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमच्या गल्लीचं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ आहे. यंदा सचिवपद माझ्याकडे आलंय. मंडळ जुनं, पण नोंदणीकृत नाही. शंभरेक घरं आणि आठ-दहा दुकानं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती उशिरा आहेत. चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ सप्टेंबरला, म्हणजे चांगले बारा दिवस. आवराआवर धरून १० ऑगस्ट ते ४ ऑक्टोबर असे आठ आठवडे आखलेत.

पहिले दोन आठवडे देखावा ठरवून साहित्य आणायचं. तिसऱ्यात परवानग्या, चौथ्या-पाचव्यात वर्गणी आणि मंडप. सहावा-सातवा आठवडा उत्सव आणि आठव्यात हिशोब. गेल्या वर्षी खर्च १ लाख ६० हजार झाला होता. त्यात मंडपाचे ४५ हजार. हातात शिल्लक ३१ हजार आहे. साडेतीन फुटी शाडूची मूर्ती ठरली आहे, तिचा आगाऊ दिला आहे. यात काय राहतंय?

जुना_खजिनदार
सचिवसाहेब, मूर्ती आधीच ठरवलीत हे उत्तम केलंत, कारण ते काम या आठ आठवड्यांत बसतच नाही. शाडूचं काम करणारे कारखाने आषाढातच नवीन ऑर्डर घेणं थांबवतात. पण बाकीचा क्रम मी उलटा करीन.

तुमच्या गल्लीचं वेळापत्रक देखाव्यावर नाही, पैशावर चालणार आहे. हातात ३१ हजार. मंडपवाला निम्मे आगाऊ मागणार, म्हणजे साडेबावीस गेले. उरले साडेआठ. त्यात महापालिकेचं शुल्क, तात्पुरत्या मीटरची अनामत, पावती पुस्तकं आणि वायरमनचा पहिला हप्ता बसवायचाय. पहिल्या दोन आठवड्यांत देखाव्याचं कापड नि बांबू आणलेत तर मंडपवाल्याला द्यायला पैसे उरणार नाहीत. वर्गणी तर तुम्ही चौथ्या आठवड्यात ठेवलीय.

आणि वर्गणीला कागद लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळाने पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. कार्यकारिणीचा ठराव, सदस्यांची ओळखपत्रं, गेल्या वर्षीचा जमाखर्च, जागेबद्दलचं पत्र एवढं जोडायला लागतं. यातलं गेल्या वर्षीच्या हिशोबावरच बहुतेक मंडळं अडकतात. बिलं कोणाच्या तरी कपाटात असतात आणि तो माणूस गावी गेलेला असतो. म्हणून १० ऑगस्टची वाट बघू नका. हा अर्ज आत्ताच टाका.

परवानगी हातात आली की पावती पुस्तकं बाहेर काढायची. पहिली फेरी २२-२३ ऑगस्टच्या शनिवार-रविवारी झालीच पाहिजे.

पेठेतला_कार्यकर्ता
परवानग्यांचं एवढं टेन्शन नका घेऊ. आता मंडपाची परवानगी एकदम पाच वर्षांची मिळते, आमच्या मंडळाला मिळालीय. आणि रस्त्याचा एक तृतीयांश भाग मंडपाला वापरता येतो, हा सगळीकडचा नियम आहे. स्पीकर रात्री बारापर्यंत चालतो. आम्ही दरवर्षी असंच करतो.

जुना_खजिनदार
पाच वर्षांचं तुमचं बरोबर आहे, पण ते जागा आणि माप तेच ठेवणाऱ्या, आधी नियम पाळलेल्या मंडळांसाठी. ती परवानगी मंडपापुरतीच असते. पोलीस ठाण्याचा नाहरकत दाखला, स्पीकरची परवानगी, मीटर हे दर वर्षी नव्याने करायचं असतं. सचिवांनी आधी कपाटातलं जुनं परवानगीपत्र काढून त्यावरची मुदत आणि माप बघावं.

एक तृतीयांश हा आकडा मी सरसकट धरणार नाही. तुमच्या परवानगीपत्रात लिहिलं असेल तेवढंच खरं. अग्निशमनवाले येतात ते बंब आत वळतो का हे बघायला. गल्लीच्या तोंडाशी वळण असेल तर सरळ भागात कितीही जागा सोडली तरी उपयोग नसतो. टेप घेऊन मोजा आणि उभ्या केलेल्या गाड्या धरून मोजा, कारण उत्सवातही त्या तिथेच असणार.

बारापर्यंतचं मात्र चूक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. कोणते दिवस ते जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि त्यात दहीहंडी, नवरात्र, बाकीचे सणही येतात. गणपतीचे सगळे दिवस त्यात सहसा नसतात. जाहीर झालेली यादी पाहूनच कार्यक्रमपत्रिका छापा.

मीनल_ठाणे
आमच्याकडे सोसायटीच्या आवारात गणपती बसतो. आम्ही महापालिकेत कधी गेलोच नाही. सोसायटीच्या सभेत ठराव होतो, देखभाल बिलाबरोबर ऐच्छिक रक्कम घेतो आणि क्लबहाऊसमध्ये मखर लावतो. आठ आठवडे कशाला लागतात? आम्ही पंधरा दिवसांत करतो. फक्त आरतीच्या वेळा आणि प्रसादाची पाळी यांचा तक्ता आधी करून ठेवा, भांडणं तिथेच होतात.

नवा_सचिव
मीनलताई, आमचा मंडप सार्वजनिक रस्त्यावर आहे, म्हणून ही सगळी धावपळ. प्रसादाच्या पाळीचं मात्र नक्की घेतो.

खजिनदारकाका, २२-२३ ला लोक म्हणतील "पगार झाल्यावर या". महिनाअखेर असते. मग ती फेरी फुकट नाही का जाणार?

सुनंदाताई
मी आमच्या आळीत वर्षानुवर्षं वर्गणीला जाते म्हणून सांगते. पगार झाल्यावर या म्हणणारे निम्मे असतात, पण बाकीचे निम्मे देतात. शिवाय दुकानदारांना पगाराची वाट बघायची नसते. पहिल्या फेरीत दुकानं आणि निवृत्त लोक आधी करायचे. तुमचा आगाऊ तेवढ्यातच निघतो.

ज्यांनी नंतर या म्हटलं त्यांची नावं वहीत लिहून त्यांच्याकडूनच तारीख घ्यायची. "पाच तारखेला येऊ का?" असं विचारलं की माणूस बांधला जातो. २८ ऑगस्टला राखी आहे, पुढचा शनिवार-रविवार माहेरवाशिणींचा, त्यात कोणाचं दार वाजवू नका. दुसरी फेरी ६ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी. ५ ला दहीहंडी आहे, मुलं मिळणार नाहीत.

आणि जोडीने जा, त्यात एक बाई असू द्या. दुपारी घरात एकट्या आजी असतात, चार तरुण पोरं दारात उभी राहिली की त्या दार उघडत नाहीत. आकडा आपण सांगायचा नाही. गेल्या वर्षीची पावती विचारली तर दाखवायची, बस.

पेठेतला_कार्यकर्ता
ताई, आकडा सांगितल्याशिवाय जमत नाही हो. ऐच्छिक ठेवलं की लोक एक्कावन्न टेकवतात. आम्ही घरटी पाचशे ठरवतो, दुकानाला दोन हजार. मंडप आणि वीज काय ऐच्छिक दरात मिळते का?

सुनंदाताई
दादा, एक्कावन्न देणाऱ्याच्या घरची परिस्थिती मला माहीत असते. तो पण आरतीला येतो. ठरावीक आकडा लावलात की तो दार लावून घेतो आणि मग आरतीलाही येत नाही.

जुना_खजिनदार
यावर आमच्याही मंडळात अजून एकमत नाही. कायद्यापुरतं सांगतो, वर्गणी सक्तीची करता येत नाही. जबरदस्तीची तक्रार झाली तर पोलीस ती खंडणी म्हणून बघू शकतात. सभेत अपेक्षित रक्कम ठरवून फलकावर लावणारी मंडळं आहेत, पण पावती फाडताना कमी दिलं म्हणून अडवायचं नाही.

पावती पुस्तकांबद्दल सविस्तर सांगतो, कारण शेवटचा आठवडा यावरच सुखाचा किंवा दुःखाचा होतो. पुस्तकांवर छापील अनुक्रमांक हवेत आणि परवानगीचा क्रमांकही छापून घ्या. कोणतं पुस्तक कोणाला, कोणत्या तारखेला दिलं आणि कोणत्या क्रमांकापर्यंत वापरून परत आलं, याची एक वही. रोज रात्री पुस्तकात राहिलेल्या स्थळप्रतींची बेरीज आणि रोख समोरासमोर मोजायची, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. पावती चुकली तर फाडून टाकायची नाही. दोन्ही भाग रद्द लिहून पुस्तकातच टाचायचे. मधला एक क्रमांक गायब असला की लोक सगळ्या पुस्तकाबद्दल शंका घेतात.

क्यूआर मंडळाच्या खात्याचाच लावा, कोणा कार्यकर्त्याच्या मोबाईलचा नको. ऑनलाइन पैसे आले तरी पावती फाडायची आणि त्यावर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे आकडे लिहायचे. हे केलं नाही तर बँकेच्या पासबुकातले पैसे आणि पावत्या यांचा मेळ बसवायला तुमचा आठवा आठवडा पुरणार नाही.

वायरमन_कल्याण
मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. गणपतीत बरेच मंडप करतो. तुमच्या यादीत वीज हा शब्दच नाही म्हणून लिहितोय.

महावितरणकडून सार्वजनिक उत्सवासाठी तात्पुरती जोडणी मिळते, सवलतीच्या दरात. पण त्याला ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. वायरिंग झाल्याशिवाय मी अहवाल देऊ शकत नाही आणि सांगाडा उभा राहिल्याशिवाय वायरिंग करता येत नाही. लोक १२ तारखेला फोन करतात, "उद्या मूर्ती येतेय, मीटर द्या." मग शेजारच्या घरातून वायर ओढतात किंवा खांबावर आकडा टाकतात. आकडा टाकणं ही वीजचोरी आहे आणि त्या वायरीला मागे कसलंही संरक्षण नसतं.

तुमचा भार आधी काढा. समजा १० एलईडी फ्लड ५० वॅटचे, म्हणजे ५००. पंखे ४, साधारण ३००. ध्वनिव्यवस्था १,०००. देखाव्याचे दिवे आणि मोटर ७००. झाले अडीच हजार वॅट. थोडी जास्तीची सोय धरून तीन किलोवॅट मागा. देखावा नंतर बदलून मोठी मोटर आणली तर मला सांगायला हवं. भार वाढला की वायरची जाडी बदलते.

एक गोष्ट सचिवांनी स्वतः बघायची. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच बसवलेला असतो, ३० मिलीअँपिअरचा. त्यावर टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असतं. चालू विजेवर ते दाबलं की खटका खाली पडायलाच हवा. पडला नाही तर त्या रात्री मंडप चालू करायचा नाही. रोज आरतीआधी एकदा दाबा. बटणामुळे तो स्विच शाबूत आहे एवढंच कळतं, अर्थिंग नीट आहे का ते मीटर लावूनच कळतं, ते माझं काम. पावसात लोखंडी पाइपला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर सरळ मेन बंद करून ठेकेदाराला बोलवा. "थोडा करंट येतो, चपला घालून चढ" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

नवा_सचिव
हे फार उपयोगी आहे. मग सांगाडा कधी उभा करायचा? आणि पावसाचं काय? गेल्या वर्षी ताडपत्रीवर पाणी साचून एक बांबू वाकला होता.

जुना_खजिनदार
मागून मोजत या. मूर्ती रविवारी १३ सप्टेंबरला येणार. आदल्या दिवशी सजावट संपलेली हवी, म्हणजे सजावटीला ५ ते १२. मीटर ८ तारखेपर्यंत, म्हणजे वायरिंग ३-४ ला आणि सांगाडा २ सप्टेंबरच्या बुधवारपर्यंत उभा. मंडपवाला २९ ऑगस्टला माल आणेल. म्हणून महापालिका आणि पोलिसांच्या अर्जात तारखा २९ ऑगस्ट ते २९ सप्टेंबर अशा लिहा. बरीच मंडळं फक्त १४ ते २५ लिहितात आणि मग कोणीतरी विचारतं, मंडप आधी कसा उभा राहिला? वाहतूक शाखा आणि अग्निशमनचे दाखले याच अर्जाबरोबर फिरतात. प्रभाग कार्यालयात अर्ज १० ऑगस्टच्या आठवड्यात गेला तर मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी धरूनही वेळ पुरतो.

पैशाचं गणित आता बसतं का बघा. मंडपवाल्याशी तीन हप्ते ठरवा, माल आणताना १५ हजार, उभा झाल्यावर १५ आणि उतरवल्यावर १५. शेवटचा हप्ता उतरवल्यावरच, हे महत्त्वाचं. तुमच्या ३१ हजारांतून पहिला हप्ता गेला तरी सोळा उरतात, त्यात शुल्क आणि अनामत निघते. पहिल्या फेरीच्या पैशातून दुसरा हप्ता आणि सजावटीचं साहित्य. म्हणून साहित्य २४ ऑगस्टनंतर आणायचं. थर्माकोल यादीतून आधीच काढा, २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. पुठ्ठा, कापड आणि बांबू यांवर देखावा बसवा. पुठ्ठ्याला ओल लागते, त्यामुळे तो जमिनीपासून वर उचललेला हवा.

ताडपत्रीचं सांगतो. पाणी साचून खाली फुगा आला की आपण म्हणतो ताडपत्रीने पोट धरलं. एक मीटर लांब-रुंद भागात दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे शंभर किलो. ते एका बांबूवर येतं आणि वजनाने पोट वाढत जातं, म्हणून आणखी पाणी तिकडेच येतं. मंडपवाल्याला सांगा, मधला कण्याचा आडवा बांबू चांगला उंच घ्यायचा आणि आडवे बांबू जवळ जवळ बांधायचे. उभारल्यावर वरून दोन बादल्या पाणी ओतून बघा. पाणी थांबलं तर त्याच दिवशी दोऱ्या आवळून घ्या. उत्सवात रात्री पोट दिसलं तर खालून टोकदार काठीने ढोसू नका, ताडपत्री फाटून सगळं पाणी बोर्डावर येतं. काठीला कापडाचा गोळा बांधून कडेकडे ढकलायचं, त्याआधी मेन बंद.

पेठेतला_कार्यकर्ता
हे पाणी ओतून बघायचं भारी आहे, आम्ही कधी केलं नाही. यंदा करतो.

खड्ड्यांचं सांगा की. आमच्याकडे रस्ता सिमेंटचा झालाय, बांबू रोवायला खड्डे घेतले की दंड.

जुना_खजिनदार
खड्डे न घेता वाळूने भरलेल्या पिंपात खांब उभे करतात किंवा लोखंडी पाइपला खाली पत्र्याची बैठक लावतात. लहान मंडपाला चालतं. मात्र वारा धरणारा मोठा पडदा समोर असेल तर पिंपं हलतात, तिथे मंडपवाल्याचं मत घ्या. फरशीचे ब्लॉक काढले असतील तर क्रमाने एका बाजूला रचून ठेवा, नाहीतर शेवटी चार कमी पडतात.

माल येण्याआधी रस्त्याचे फोटो काढा, तारखेसकट. जुना खड्डा तुमच्या नावावर पडणार नाही. २७ च्या रविवारी उतरवून झालं की त्याच जागेवरून परत फोटो. अनामत परत मागताना दोन्ही जोडायचे.

सुनंदाताई
आवराआवर विसर्जनानंतर सुरू होते असं समजू नका. निर्माल्य रोजचं रोज वेगळं झालं तरच ते खतात जातं. हारातला दोरा, जरीची पट्टी, प्लॅस्टिकची फुलं काढून फक्त पानं-फुलं एका पिंपात. आम्ही संध्याकाळच्या आरतीनंतर दोन मुलींना कात्री देऊन बसवतो, थोड्या वेळात होतं. बारा दिवसांचं एकदम करायला गेलात तर कुजून हात लावायची सोय राहत नाही.

२६ ला सकाळी लवकर रस्ता झाडायचा तो खिळ्यांसाठी. चुंबक दोरीला बांधून फिरवलं की खिळे आणि टाचण्या येतात. शाळेची रिक्षा त्याच गल्लीतून जाते.

वायरमन_कल्याण
मीटर परत करायचा अर्ज पण त्याच आठवड्यात द्या. शेवटचं वाचन झाल्याशिवाय अनामत परत येत नाही. मंडप उतरवणाऱ्यांनी वायर कापायची नाही, मला बोलवायचं. घाईत चालू वायर कापली जाते.

नवा_सचिव
मंडळी, आज सभेत नवीन क्रम मांडला. ४१ क चा अर्ज टाकायचं काम दोघांनी घेतलंय, गेल्या वर्षीची बिलं एका पिशवीत मिळाली, त्यातली मंडपवाल्याची पावती नाही. ती त्याच्याकडून नक्कल मागवतोय. गल्ली उद्या सकाळी मोजतोय, कोपऱ्यावर एक बंद पडलेली गाडी कायमची उभी आहे, तिचं काय करायचं तो प्रश्नच आहे. वर्गणीचा आकडा ठरवायचा की नाही यावर सभेत बराच वाद झाला, पुढच्या रविवारी परत बसतोय.

एक विचारायचं राहिलं. खर्च जाऊन पैसे उरले तर? काहीजण म्हणतात पुढच्या वर्षीसाठी ठेवू, काहीजण म्हणतात गल्लीत दोन बाक बसवू.

जुना_खजिनदार
परवानगीपत्रावर अटी छापलेल्या असतात, हिशोब कधी सादर करायचा आणि शिल्लक कशासाठी वापरता येईल तेही त्यात बघा. पैसे उत्सवासाठी मागितलेत, तेव्हा बाकांचा निर्णय आधी धर्मादाय कार्यालयात विचारूनच घ्या. शिल्लक बँकेतच ठेवा, कोणाच्या घरी नको.

त्या बंद गाडीसाठी वाहतूक शाखेला आत्ताच लेखी अर्ज द्या, मंडपाच्या अर्जाबरोबर नको. मालक सापडायलाच वेळ लागतो.

मीनल_ठाणे
आमच्याकडे शिल्लक पैशातून पुढच्या वर्षीची मूर्ती आधीच ठरवतो. पण आमचं सोसायटीचं आहे, तुमचं वेगळं असेल. गाडी कोणत्या रंगाची आहे, फोटो टाका, कोणी ओळखीचं निघेल.